वेबिनारची पीपीटी आणि ट्रान्सस्क्रिप्टवरून मिनिट्स कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा कारखाना महापेला, गोदाम तुर्भ्याला आणि अकाउंट्सचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये. सगळे एका खोलीत येतात ते वर्षातून एकदा, सत्यनारायणाच्या पूजेला. बाकीचं सगळं स्क्रीनवर चालतं आणि त्याचे मिनिट्स माझ्याकडे येतात. तिन्ही ठिकाणचे नवे सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरण एकच घेतलंय, बुधवार १८ जून २०२५ च्या वेबिनारचं. बाहेरच्या करसल्लागारांनी ई-इनव्हॉइसच्या ३० दिवसांच्या मर्यादेवर तो घेतला होता. ७२ मिनिटं, ३१ स्लाईड्स, २३ माणसं.

पीपीटीत शेवटी ‘नेक्स्ट स्टेप्स’ची स्लाईड असतेच. तीच उतरवून घेतली तर काय बिघडतं?

ती स्लाईड वेबिनारच्या आदल्या रात्री बनलेली असते. लोकांनी काय कबूल केलं हे तिला माहीत असणं शक्यच नाही. पाहुण्यांनी काय वाढून आणलं ते तिच्यावर दिसतं, आपण त्यातलं काय खाल्लं ते ट्रान्सस्क्रिप्टमध्ये.

आमच्या वेबिनारात २७ व्या स्लाईडवर नऊ मुद्दे होते आणि ‘जबाबदारी’च्या रकान्यात नऊही ठिकाणी ‘अकाउंट्स टीम’. ट्रान्सस्क्रिप्ट समोर ठेवून एकेक मुद्दा तपासला. चार कामं कोणीतरी नाव घेऊन स्वीकारली होती. एक काम नव्हतंच, तो निर्णय होता: १ जुलैपासून प्रत्येक बिल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर चढवायचं. दोन मुद्दे पुढे ढकलले गेले. तुर्भ्याला वेगळा अकाउंटंट नेमण्याला डायरेक्टर साहेबांनी सरळ नाही म्हटलं. आणि नववा, जादा कॉम्प्युटरचा, चर्चेला आलाच नाही, कारण तोवर सव्वाचार वाजायला आले होते.

स्लाईड जशीच्या तशी उतरवली असती तर नाकारलेली नेमणूक मिनिट्समध्ये ‘काम’ म्हणून गेली असती. ‘अकाउंट्स टीम’बद्दल तर मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीला एकदा मी असंच टीमचं नाव लिहून मोकळा झालो होतो. महिनाभराने विचारलं तर टीममधल्या चौघांनाही वाटत होतं की ते काम बाकीच्या तिघांपैकी कोणीतरी करतंय.

मग पीपीटी कशासाठी लागते?

आकडे, नावं आणि नियम यांच्यासाठी. बोलताना माणूस ‘ती तीस दिवसांची भानगड’ म्हणतो. स्लाईडवर पूर्ण वाक्य असतं: १ एप्रिल २०२५ पासून वार्षिक उलाढाल १० कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्यांनी बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते आयआरपीवर, म्हणजे ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर, नोंदवायचं, क्रेडिट नोट आणि डेबिट नोटलाही तेच लागू. मिनिट्समध्ये हे ‘माहिती’ या मथळ्याखाली दोन ओळींत येतं. माहितीला मालकही नसतो आणि तारीखही नसते. ती कामांच्या तक्त्यात घुसवली की तक्ता फुगतो आणि खरी कामं त्यात हरवतात.

स्लाईडचा क्रमांक लिहिताना एक काळजी घ्या. आम्हाला पीपीटीची पीडीएफ आली होती आणि दोन लपवलेल्या स्लाईड्स तिच्यात नव्हत्या. त्यामुळे बोलताना उल्लेख झालेली २७ वी स्लाईड पीडीएफच्या २५ व्या पानावर होती. कोपऱ्यात छापलेला क्रमांक धरा, पान क्रमांक नको. आणि दाखवलेली पीपीटीच मेलवर आली आहे ना, हेही पाहा. कित्येकदा वक्ते नंतर सुधारलेली प्रत पाठवतात.

७२ मिनिटांची ट्रान्सस्क्रिप्ट सगळी वाचायची का?

एकदा तरी, हो. पण वरून खाली नाही. मी शेवटच्या वीस मिनिटांपासून सुरुवात करतो, कारण पहिली पन्नास मिनिटं वक्ता बोलतो आणि कामं ठरतात ती प्रश्नोत्तरांत. ते वाचून झालं की फाईलमध्ये शब्द शोधतो: पाठवतो, पाठवते, करतो, करते, करू, देऊ, पर्यंत, उद्या, परवा, वारांची नावं आणि ‘आपण’. प्रत्येक ठिकाणी आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा ओळी वाचायच्या. आमच्या फाईलमध्ये चाळीसेक जागा निघाल्या, त्यातल्या कामाच्या आठ. पहिल्या पन्नास मिनिटांवरून मग भरभर नजर फिरवली की पुरतं.

घड्याळाचं गणितही आधीच करून ठेवा. ट्रान्सस्क्रिप्टमधला शून्य म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं तो क्षण. वेबिनार तीनला सुरू झाला, रेकॉर्डिंगचं बटण कोणाला तरी तीन वाजून चार मिनिटांनी आठवलं. म्हणजे फाईलमधलं बावन्नावं मिनिट हे प्रत्यक्षात तीन छप्पन्न. ‘चार वाजता साहेब निघाले, त्यानंतर हे ठरलं’ असा वाद निघाला तर हीच चार मिनिटं आडवी येतात.

‘आपण करून टाकू’ असं लिहिलंय. हे आपण म्हणजे कोण?

मिनिट्स लिहिणाऱ्याला मराठीत सगळ्यात जास्त छळणारा हा शब्द. ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. ‘आपण’ म्हणजे आदराने तुम्ही. आणि साहेब बोलत असतील तर ‘आपण’ म्हणजे बहुतेक वेळा ‘तू कर’. शब्दावरून काही ठरत नाही, पुढची ओळ पाहावी लागते. आमच्या फाईलमधला हा तुकडा बघा:

```
00:52:10.240 --> 00:52:14.900
<v Mahape Conf Room>मग ते मोबाईल नंबर आपण परवापर्यंत देऊन टाकू.</v>

00:52:15.100 --> 00:52:17.300
<v Turbhe Godown>हो सर, मी पाठवतो यादी.</v>

00:52:17.800 --> 00:52:21.050
<v Mahape Conf Room>यादी आली की सब-युजर मी सोमवारपर्यंत करते.</v>
```

पहिल्या ओळीवर थांबलात तर काम महापेच्या माथी बसतं. दुसऱ्या ओळीत तुर्भ्याचे गोदाम मॅनेजर स्वतः ‘मी’ म्हणाले, म्हणून यादीचे मालक ते. तिसऱ्या ओळीत दुसरंच काम, दुसरी व्यक्ती, दुसरी तारीख आहे, आणि ते काम पहिल्यावर अवलंबून आहे. म्हणजे मिनिट्समध्ये दोन ओळी, आणि दुसऱ्या ओळीत ‘यादी मिळाल्यावर’ हे शब्द हवेतच. नाहीतर मंगळवारी मॅडमना विचारणा होईल आणि दोष मात्र यादीचा असेल.

ही कामं का निघाली तेही एका वाक्यात लिहिलं होतं. पोर्टलवर लॉगिन करताना आता ओटीपी लागतो. तो ठाण्याच्या एकाच मोबाईलवर यायचा आणि तोवर तुर्भ्याला भरलेला ट्रक उभा. सब-युजर केला, म्हणजे त्याच खात्यात दुसऱ्याला वेगळं लॉगिन दिलं, की ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर येतो, म्हणून नंबरांची यादी. कारण लिहिलेलं असलं की काम करणारा टाळाटाळ कमी करतो, असं माझं निरीक्षण आहे.

पुढच्या ओळीत कोणीच ‘मी’ म्हणालं नसेल तर मालकाच्या रकान्यात ‘ठरायचं आहे’ लिहा आणि ज्यांनी विषय काढला त्यांना फोन करा. अंदाजाने नाव घालू नका. स्वतःच्या नावापुढे न घेतलेलं काम छापलेलं दिसलं की माणूस पुढचे मिनिट्स उघडतसुद्धा नाही.

पण ‘Mahape Conf Room’ नावाखाली तर पाच जण बसले होते. बोललं कोण?

खरं आहे. एक लॅपटॉप, एक माईक, पाच माणसं. इथे मराठी व्याकरण मदतीला येतं. तिसऱ्या ओळीत ‘करते’ आहे. त्या खोलीत त्या दिवशी बाई एकच, अकाउंट्सच्या मॅडम, ज्या खास त्यासाठी ठाण्याहून आल्या होत्या. प्रश्न सुटला. ‘करतो’ असतं तर चार पुरुषांतून एक निवडावा लागला असता, आणि मग त्या वेळेवर जाऊन रेकॉर्डिंग ऐकण्याला पर्याय नाही. दोन मिनिटांचं काम असतं, कारण वेळ आपल्याकडे असते. फक्त शब्द तंतोतंत उमटलाय याची खात्री नसेल तर ‘करते’वरही विसंबू नका, ऐकाच. ‘करतो’चं ‘करते’ व्हायला एक काना गळला तरी पुरतं.

यावर कायमचा उपाय म्हणजे खोलीत कोण कोण आहे हे सुरुवातीलाच मोठ्याने बोलून घेणं. ते आपोआप ट्रान्सस्क्रिप्टमध्ये येतं. मी आता न चुकता करतो.

‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘करायला हवं’ यांना काम म्हणायचं का?

नाही. ‘बघतो’ हा सभ्य नकार असू शकतो, ‘होऊन जाईल’मध्ये करणारा नाही आणि ‘करायला हवं’ हे मत आहे. यांना ‘चर्चा झाली’ एवढंच. अपवाद एकच: समोरच्याने ‘कधीपर्यंत?’ विचारलं आणि उत्तरात वार आला, तर ‘बघतो’चंही काम झालं.

तारखा कशा काढायच्या? कोणीच तारीख बोलत नाही, सगळे वार बोलतात.

मोजणी नेहमी वेबिनारच्या दिवसापासून करायची, तुम्ही लिहायला बसता त्या दिवसापासून नाही. मी मिनिट्स गुरुवारी लिहीत होतो. फाईलमधला ‘परवा’ बुधवारचा, म्हणजे शुक्रवार २० जून. माझा परवा धरला असता तर शनिवार झाला असता.

शिवाय आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो. सल्लागारांनी एका ठिकाणी ‘परवाच मेल केलेला तक्ता’ म्हटलं होतं. तो सोमवारचा, मागचा. नुसता शब्द शोधून पुढे गेलात तर झालेल्या गोष्टीला मुदत लावून बसाल. क्रियापद पाहिलं की दिशा कळते.

‘आठ दिवसांत’ म्हणजे बोलण्यात एक आठवडा. बुधवारी म्हटलं तर पुढचा बुधवार, २५ जून. बोटं मोजून २६ लिहिलं तर कायदेशीर चूक होणार नाही, पण बोलणाऱ्याच्या मनात ते नसतं. ‘पंधरा दिवस’ म्हणजे त्याच न्यायाने दोन आठवडे, २ जुलै. ‘येत्या सोमवारी’ म्हणजे २३ जून, यात वाद नाही. ‘पुढच्या सोमवारी’त मात्र आहे: निम्मे लोक २३ समजतात, निम्मे ३०. हे विचारल्याशिवाय लिहायचं नाही.

डीलरांच्या प्रशिक्षणाबद्दल साहेब ‘आषाढीनंतर बघू’ म्हणाले. आषाढी एकादशी त्या वर्षी रविवारी, ६ जुलैला होती. पण इथे ‘बघू’ आहे, म्हणून ही मुदत नाही. ते काम तक्त्यात न घालता ‘पुढे ढकललेले मुद्दे’ या शीर्षकाखाली लिहिलं, ‘७ जुलैच्या आठवड्यात पुन्हा विचारणे’ अशा टिपणीसह. उलट कोणी ‘आषाढीच्या आधी देतो’ म्हणालं असतं तर मी ६ न लिहिता त्याआधीचा कामाचा दिवस लिहिला असता. गोदाम शनिवारी चालू असतं, ठाण्याचं ऑफिस नसतं, म्हणून तो दिवस दोघांसाठी वेगळा.

तक्त्यात तारखेबरोबर वारही लिहा. आकडा चुकला तर वार लगेच चुगली करतो.

ठरलेली तारीखच चुकीची आहे असं लिहिताना लक्षात आलं तर?

आमच्याकडे नेमकं हेच झालं, आणि हे उदाहरण जरा सावकाश वाचा.

बिलिंग पाहणाऱ्या सहकाऱ्याने कबूल केलं होतं की पोर्टलवर न चढवलेल्या, वीस दिवसांहून जुन्या बिलांची यादी तो ‘आठ दिवसांत’ देईल. म्हणजे २५ जून. स्लाईडवर नियम समजावताना उदाहरण दिलं होतं: १ एप्रिलचं बिल ३० एप्रिलनंतर पोर्टल घेत नाही. म्हणजे बिलाचा दिवस धरून तीस. याच हिशेबाने २४ मेच्या बिलाचा शेवटचा दिवस २२ जून येतो, तोही रविवार. यादी २५ जूनला आली असती तर ज्या बिलांसाठी ती मागवली त्यातली काही तोवर बाद झालेली असती. बिलाचा आयआरएन, म्हणजे पोर्टलचा नोंदणी क्रमांकच मिळणार नाही.

वेबिनारात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पीपीटीत नियम होता, ट्रान्सस्क्रिप्टमध्ये तारीख होती. दोन्ही एकत्र समोर ठेवल्यावरच ते दिसलं. तरी मी तारीख बदलली नाही. मिनिट्स लिहिणाऱ्याला तो अधिकार नाही. गुरुवारी सकाळी त्याला फोन केला, २४ मेचं उदाहरण सांगितलं. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, ‘उद्या संध्याकाळी देतो.’ मिनिट्समध्ये दोन्ही लिहिलं: सभेत ठरलेली तारीख २५ जून, फोनवर मालकाने स्वतः अलीकडे आणलेली २० जून. नुसती नवी तारीख लिहिली असती तर रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला ती माझी बनवाबनवी वाटली असती.

चॅटमध्ये जे लिहिलं गेलं ते धरायचं का?

धरायचंच, आणि ते ट्रान्सस्क्रिप्टमध्ये नसतं, ती फाईल वेगळी उतरवून घ्यावी लागते. आमच्या चॅटमध्ये तुर्भ्याहून कोणीतरी लिहिलं, ‘पोरांना मराठीत एक पान मिळेल का’. त्याखाली बिलिंगच्या ज्युनियरने ‘मी शुक्रवारपर्यंत देते’ लिहून टाकलं. तोंडाने कोणी अवाक्षर बोललं नाही. सहापैकी हे एक काम केवळ चॅटमुळे सापडलं. बाकी चॅटमध्ये ‘आवाज येत नाही’ आणि अंगठे.

सहा? वर तर चार म्हटलं होतं.

स्लाईडवरची चार, चॅटमधलं एक आणि प्रश्नोत्तरांत ऐन वेळी निघालेलं एक: सॉफ्टवेअरवाल्यांकडून कोटेशन मागवणं. बिलं आपोआप पोर्टलवर जाण्याची व्यवस्था पुढे ढकलली गेली ती कोटेशन नाही म्हणून. विषय ढकलला गेला तरी त्यातून निघालेलं काम राहतं, हे बऱ्याचदा सुटतं.

मराठी बोलणं फाईलमध्ये भलतंच उमटलं असेल तर?

भाषेची निवड इंग्रजीवर राहिली की ‘करून टाकतो’चं काहीबाही इंग्रजी होतं आणि शब्द शोधून काही सापडत नाही. अशा वेळी शेवटची वीस मिनिटं ऐकून काढणं हेच लवकर होतं. भाषा बरोबर असली तरी अडीच, दीड, सव्वा यांवर डोळे झाकून विश्वास नको. ‘अडीच लाखां’च्या जागी मी ‘अडीचशे’ पाहिले आहेत. रक्कम आणि तारीख पीपीटीशी जुळवा, जुळत नसेल तर ऐका.

तयार झाल्यावर ते दिसतं कसं?

वर विषय, तारीख, वेळ, हजर माणसं. मग माहिती दोन ओळी, निर्णय, कामांचा तक्ता, पुढे ढकललेले मुद्दे, नाकारलेला मुद्दा, चर्चेला न आलेला मुद्दा. सगळं मिळून दीड पान. तक्ता असा होता. इथे हुद्दे लिहिलेत, खऱ्या प्रतीत नावच हवं.

| काम | मालक | मुदत | कुठे ठरलं |
|---|---|---|---|
| तुर्भ्याच्या सब-युजरसाठी मोबाईल नंबरांची यादी देणे | गोदाम मॅनेजर | शुक्र. २० जून | 00:52:15 |
| यादी मिळाल्यावर सब-युजर तयार करणे | अकाउंट्स मॅडम | सोम. २३ जून | 00:52:17 |
| न चढवलेल्या जुन्या बिलांची यादी देणे | बिलिंग | शुक्र. २० जून (सभेत २५ जून, १९ ला फोनवर बदल) | 00:57:40 |
| एप्रिलपासूनच्या क्रेडिट नोट तपासणे | सीनियर अकाउंटंट | सोम. ३० जून | 01:01:05 |
| सॉफ्टवेअरवाल्यांकडून कोटेशन मागवणे | खरेदी विभाग प्रमुख | बुध. २ जुलै | 01:04:30 |
| मराठीत एक पानी सूचना देणे | बिलिंग ज्युनियर | शुक्र. २० जून | चॅट |

शेवटचा रकाना पाहून काहींना मी संशयी वाटतो. वाटू दे. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ यावर वाद घालायला अर्धा तास जातो, वेळ दाखवायला अर्धं मिनिट.

कामाची ओळ क्रियापदाने संपवा आणि काम झालं हे कशावरून कळेल ते त्यातच येऊ द्या. ‘क्रेडिट नोट’ एवढंच लिहिलं तर ३० जूनला काय मागायचं?

पाठवायचे कधी, आणि कोणी हरकत घेतली तर?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आमची पहिली मुदत तिसऱ्या दिवशीच होती, शनिवारी मिनिट्स पाठवून शुक्रवारची आठवण करून देणं हास्यास्पद झालं असतं. मेलमध्ये लिहितो: दुरुस्ती शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत कळवा. सगळ्यांना मेल, पण सहा मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त त्यांची त्यांची ओळ. दीड पान उघडून वाचण्याची अपेक्षा गोदामातल्या माणसाकडून ठेवू नये, त्याच्या हातात त्या वेळी टेप आणि कटर असतो.

हरकत आली तर आधी तो भाग ऐकायचा. चूक माझी असेल तर दुरुस्त प्रत, वर ‘सुधारित’ आणि तारीख. चूक नसेल आणि माणसाचं मन बदललं असेल तर मूळ ओळ तशीच ठेवून खाली बदल लिहायचा. या वेळी एकच उत्तर आलं, गोदाम मॅनेजरांचं: ‘यादी पाठवली. पाच नंबर आहेत, एकाचं सिम अजून वडिलांच्या नावावर आहे, चालेल का?’ तो प्रश्न मॅडमकडे पुढे पाठवला.